पुढे एक ‘द’, मागे एक ‘द’

स्टॉकहोमच्या मेट्रोची हिरवी मार्गिका शहराच्या ऐन मध्यातून जाते. स्लुसेन, गाम्ला स्तान, ते-सेंत्रालेन, होतोर्येत, रोदमान्सगातान अशी स्थानकं एकामागून एक येतात. नकाशावर ही नावं सलग वाचली, की त्यांचे शेवट सारखे असल्याचं लक्षात येतं: कुठे ‘न’, कुठे ‘त’. गाता म्हणजे रस्ता, गातान म्हणजे ‘तो’ ठरावीक रस्ता. तोर्य म्हणजे चौक, तोर्येत म्हणजे ‘तो’ चौक. होतोर्येत हा एके काळी वाळलेल्या गवताचा बाजार भरायचा तो चौक. स्लुस म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोटी पुढे सोडायची व्यवस्था, आणि शहरातली सगळ्यांना ठाऊक असलेली ती व्यवस्था म्हणजे स्लुसेन. इंग्रजी शिकताना आपण ‘द’ नावाचं जे उपपद नामाच्या आधी लावायला शिकलो, ते स्वीडिश भाषेत नामाच्या मागे, नामालाच चिकटून येतं.

शब्दामागे काही चिकटणं मराठी माणसाला परकं नाही. घरात, घराला, घरापासून असं आपण दिवसभर बोलतो. अडचण जागेची नाही, आपल्याकडे ही खूणच नाही याची आहे. ‘दार उघड’ म्हटल्यावर कुठलं दार, हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. अगदी स्पष्ट करायचं असेल तर आपण ‘ते दार’ म्हणतो, नाहीतर शब्दांची जागा बदलतो. ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यातलं पुस्तक दोघांनाही माहीत असलेलं आहे. ‘टेबलावर पुस्तक आहे’ या वाक्यातलं पुस्तक ऐकणाऱ्याला नवं आहे. मराठीनं हा भेद क्रमावर सोपवला. स्वीडिशनं तो शब्दाच्या शेवटावर सोपवला आहे. पहिलं वाक्य तिथे ‘बूकेन लिगेर पो बूर्देत’ असं होतं. बूक म्हणजे पुस्तक, बूकेन म्हणजे ते माहितीतलं पुस्तक. दुसरं वाक्य होतं ‘देत लिगेर एन बूक पो बूर्देत’. इथे बूकच्या मागे काही नाही, पुढे ‘एन’ आहे, म्हणजे ‘एक’. (स्वीडिश स्वर देवनागरीत अगदी तंतोतंत उतरत नाहीत. इथली लिपी उच्चाराच्या शक्य तितकी जवळ जाणारी आहे, एवढंच.)

आता मागची ही खूण कशी ठरते ते पाहू. स्वीडिशमध्ये आज दोनच लिंगं उरली आहेत. जुनं पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून एक झालं, आणि नपुंसकलिंग वेगळं राहिलं. वर्गात शिकवताना शिक्षक लिंग हा शब्द फारसा वापरत नाहीत. ते ‘एन-शब्द’ आणि ‘एत-शब्द’ म्हणतात. साधारण तीन चतुर्थांश नामं एन-शब्द आहेत, बाकीची एत-शब्द. गंमत अशी, की तोच शब्द नामाच्या आधी आला तर ‘एक’ आणि मागे चिकटला तर ‘तो ठरावीक’ असा अर्थ देतो, असं नवशिक्याला वाटतं. ‘एन बील’ म्हणजे एक गाडी, ‘बीलेन’ म्हणजे ती गाडी. ‘एत हूस’ म्हणजे एक घर, ‘हूसेत’ म्हणजे ते घर. लक्षात ठेवायला ही सोय चांगली आहे, पण मूळ तसं नाही. पुढचा ‘एन’ हा ‘एक’ या संख्येतून आला, तर मागचा एका जुन्या दर्शक सर्वनामातून. दोघं झिजत झिजत सारखे दिसायला लागले.

या सारखेपणामुळे एक चकवाही तयार झाला आहे. हूस या शब्दाचं अनेकवचन हूसच होतं, जसं आपल्याकडे एक दगड, दोन दगड. मग ‘ती घरं’ म्हणायचं असेल तर ‘हूसेन’. म्हणजे बीलेनमधला ‘एन’ एकवचनी आहे आणि हूसेनमधला अनेकवचनी. बीलचं अनेकवचन बीलार, आणि ‘त्या गाड्या’ म्हणजे ‘बीलार्ना’. नवशिका हूसेन ऐकतो आणि एक घर समजतो. लिंग पाठ नसेल तर वचनही चुकतं, ते असं.

हा प्रत्यय एके काळी स्वतंत्र शब्द होता, हे आपल्याला कशावरून कळतं? याचा एक पुरावा आइसलँडच्या भाषेत आहे, कारण ती जुन्या नॉर्सच्या सर्वांत जवळ राहिली. ‘त्या घराचं’ या अर्थाचा तिथला शब्द आहे ‘हूस्सिन्स’. तो उलगडला तर हूस, मग षष्ठीचा स, मग इन, मग पुन्हा षष्ठीचा स असे चार तुकडे निघतात. एकाच शब्दात षष्ठी दोनदा कशी आली? कारण ते दोन शब्द होते: ‘घराचं’ आणि ‘त्याचं’. दोघांनी आपापली विभक्ती घेतली होती, मग दोघं जोडले गेले आणि दोन्ही विभक्त्या आत तशाच राहिल्या. आजच्या स्वीडिशमध्ये मात्र ‘हूसेत्स’ एवढंच होतं, म्हणजे शेवटी एकच स. दोन शब्दांचा खराखुरा एक शब्द झाला, तेव्हाच विभक्तीही एकदाच लागायला लागली. जुन्या दुहेरी षष्ठीचे थोडे अवशेष ‘लीव्सेन्स’ किंवा ‘दोदसेन्स’ यांसारख्या ठरीव शब्दांत अजून दिसतात.

दुसरा पुरावा कानाला ऐकू येतो, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. स्वीडनमधल्या स्वीडिशमध्ये शब्दाला सूर असतो. दोन सूर आहेत: एक साधा उतरता, आणि एक दोन हेलकाव्यांचा. ‘आन्द’ म्हणजे बदक. ‘आन्दे’ म्हणजे आत्मा. दोघांना निश्चित रूपाचा प्रत्यय लावला की दोन्ही ‘आन्देन’ होतात, लिहायला अक्षरन् अक्षर सारखे. बोलताना मात्र स्वीडिश माणूस कधी गोंधळत नाही, कारण ‘ते बदक’ साध्या सुरात येतं आणि ‘तो आत्मा’ हेलकाव्याच्या. याचं कारण इतिहासात आहे. हे सूर जुन्या काळी शब्दातल्या अक्षरावयवांच्या संख्येवरून ठरले. आन्द एका अवयवाचा, आन्दे दोन अवयवांचा. त्या वेळी मागचं उपपद अजून शब्दाचा भाग मानलं जात नव्हतं. पुढे ते चिकटलं आणि बदकही दोन अवयवांचं झालं, पण त्याचा सूर एक अवयवाचाच राहिला. ‘तोम्तेन’ची गोष्टही अशीच: साध्या सुरात म्हटलं तर घर बांधायचा प्लॉट, हेलकाव्यात म्हटलं तर लोककथेतला घरराखा बुटका, जो हल्ली नाताळात भेटी घेऊन येतो. फिनलंडमधले स्वीडिशभाषक हा सुरांचा भेद करत नाहीत, त्यामुळे त्यांना बदक आणि आत्मा संदर्भावरूनच ओळखावे लागतात.

इथवर सगळं सरळ आहे. नाम घ्यायचं, शेवट लावायचा. गुंता सुरू होतो तो नामाआधी विशेषण आलं की. ‘स्तूर’ म्हणजे मोठा. ‘एन स्तूर बील’ म्हणजे एक मोठी गाडी, ‘एत स्तूर्त हूस’ म्हणजे एक मोठं घर. आता ‘ती मोठी गाडी’ कशी म्हणायची? मागची खूण तर आहेच, मग ‘स्तूर बीलेन’ पुरेसं व्हायला हवं. पण तसं होत नाही. ‘देन स्तूरा बीलेन’ म्हणावं लागतं. घरासाठी ‘देत स्तूरा हूसेत’. अनेकवचनात ‘दे स्तूरा बीलार्ना’. हा ‘दे’ लिहितात तसा, पण बोलताना जवळजवळ सगळे ‘दोम’ म्हणतात. म्हणजे पुढे एक उपपद, मागे दुसरं, आणि अर्थ एकाचाच. व्याकरणात याला दुहेरी निश्चितता म्हणतात. खरं तर खुणा तीन आहेत. स्तूर, स्तूर्त या दोन रूपांच्या जागी आलेला ‘स्तूरा’ हाही निश्चितपणाच सांगतो. निश्चित नामापुढे विशेषण आपलं लिंग विसरतं आणि एकच ‘आ’कारान्त रूप घेतं.

यातला विशेषणाचा भाग मराठी माणसाला सहज कळावा. मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर ही तीन वेगळी रूपं. पण नामाला प्रत्यय लागला, की मोठ्या वाड्यात, मोठ्या खोलीत, मोठ्या घरात. तीनही लिंगं एका ‘मोठ्या’त विरघळतात. प्रत्यय लागतो नामाला, पण त्याची चाहूल विशेषणाला आधीच लागलेली असते. स्वीडिश ‘स्तूरा’ तसाच वागतो. आपल्याकडे कारण विभक्तीचं आहे, तिकडे निश्चितपणाचं, एवढाच फरक.

पण पुढचा ‘देन’ कशासाठी? मागे खूण असताना त्याची गरज काय? हे द्विरुक्तीचं लाडकं उदाहरण म्हणून सांगितलं जातं आणि वर्गात ‘पाठ करा’ म्हणून सोडून दिलं जातं. माझ्या मते तसं सोडायची गरज नाही. एकच गोष्ट लक्षात घेतली तर सगळा पसारा जागेवर बसतो: मागची खूण नामाची आहे आणि पुढची विशेषणाची. दोघांचे मालक वेगळे आहेत.

अलेक्झांडर द ग्रेटला स्वीडिशमध्ये ‘आलेक्सांदेर देन स्तूरे’ म्हणतात. (पुरुषासाठी स्तूराऐवजी स्तूरे हे रूप चालतं.) इथे नाम आधी आहे, ‘देन’ त्याच्या नंतर आणि विशेषणाच्या लगेच आधी. आलेक्सांदेर हे विशेषनाम, ते स्वतःच निश्चित. त्याला मागची खूण नको. पण विशेषण आलं आणि सोबत आपलं उपपद घेऊन आलं. ‘देन गाम्ला’ म्हणजे ‘ती म्हातारी’ किंवा ‘ती जुनी’. इथे तर नामच नाही, तरी ‘देन’ आहे. देन विशेषणाला धरून असतो, हे या दोन उदाहरणांत उघड दिसतं. जुन्या नॉर्समध्येही ‘तांबडा एरिक’ हा ‘एरिक इन रौदी’ होता, आणि ते ‘इन’ नामाला चिकटलेलं नव्हतं, विशेषणासोबत चाललं होतं. ग्रीनलंडला नॉर्स लोकांची वस्ती नेणारा हाच तो एरिक.

उत्तर स्वीडनच्या ग्रामीण बोलींकडे गेलं, की हीच गोष्ट उलट बाजूनं दिसते. तिथे विशेषण वेगळा शब्द राहतच नाही, नामात मिसळतं. ‘न्यु’ म्हणजे नवा, आणि ‘ती नवी गाडी’ म्हणजे ‘न्युबीलन’, एकाच श्वासात, एकाच शब्दात. विशेषण स्वतंत्र शब्द राहिलं नाही, तेव्हा त्याचं उपपदही गेलं. पुढे देन नाही. मागचा ‘न’ मात्र कायम, कारण तो नामाचा. ओस्तेन दाल या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञानं या उत्तरेकडच्या बोलींवर पुष्कळ काम केलं आहे. प्रमाण भाषेत जे उलगडत नाही, ते बोली उलगडून दाखवतात.

शेजारी देशांनी याच साहित्यातून वेगवेगळे संसार मांडले. हान्स क्रिस्तियान आन्दर्सनची 1837 सालची छोट्या जलपरीची गोष्ट घेऊ. मूळ डॅनिश नाव ‘देन लिले हावफ्रू’. स्वीडिशमध्ये ते ‘देन लिला शोयुंगफ्रून’ झालं. आइसलँडिकमध्ये ‘लित्ला हाफमेयान’. डॅनिशमध्ये पुढे ‘देन’ आहे, पण हावफ्रूच्या मागे काही नाही. आइसलँडिकमध्ये पुढे काही नाही, मागे ‘न’ आहे. स्वीडिशमध्ये दोन्ही. डॅनिश माणूस विशेषण नसताना स्वीडिशसारखाच मागे प्रत्यय लावतो, पण विशेषण आलं की प्रत्यय काढून ठेवतो. दोघांपैकी एकच चालेल असा त्याचा नियम. नॉर्वेजियन आणि फेरो बेटांची भाषा स्वीडिशसारखी दोन्ही ठेवतात. आणि डेन्मार्कच्याच पश्चिम युटलंडमध्ये मागचा प्रत्यय मुळात आलाच नाही. तिथली बोली इंग्रजीसारखी नामाच्या पुढे एक ‘ए’ लावते.

स्वीडिशही पहिल्यापासून अशी नव्हती. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या वेस्तर्योतलंडच्या कायद्यात मागचा प्रत्यय सापडतो, पण विरळ. आज जिथे तो अटळ वाटतो, तिथे त्या कायद्याचं नुसत्या नामावर भागतं. 1541 साली राजा गुस्ताव वासाच्या कारकिर्दीत पहिलं संपूर्ण स्वीडिश बायबल छापलं गेलं. त्याच्या मुखपृष्ठावरच्या नावात ‘पवित्र शास्त्र’ या शब्दांसाठी ‘देन हेल्गा स्क्रिफ्त’ असं आहे. पुढे देन, विशेषणाला आ, आणि स्क्रिफ्तच्या मागे काहीच नाही. म्हणजे डॅनिश पद्धत. आजच्या साध्या स्वीडिशमध्ये ‘देन हेलिगा स्क्रिफ्तेन’ व्हायला हवं. धार्मिक भाषेनं जुनं रूप बऱ्याच प्रमाणात जपलं आहे, आणि म्हणून प्रत्यय नसलेली अशी रूपं आजच्या कानाला गंभीर वाटतात. दोन्ही खुणा एकत्र घ्यायचा नियम सोळाव्या शतकात पक्का झालेला नव्हता. तो त्यानंतर सावकाश बसला.

नियम बसला तरी दोन्ही खुणा प्रत्येक ठिकाणी येतातच असं नाही. कुठली खूण कधी गळते हे पाहिलं, की प्रत्येकीचं काम आणखी स्पष्ट होतं.

पुढची खूण गळते ती मुख्यतः नावांत. ‘देत वीता हूसेत’ म्हणजे ते पांढरं घर, गल्लीच्या कोपऱ्यावरचं, दोन घरांपैकी पांढरं ते. ‘वीता हूसेत’ म्हणजे वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस. एवढ्या एका ‘देत’वरून घराचा देश बदलतो. कारण असं, की पुढचं उपपद विशेषणाला निवडायचं काम देतं: इतरांपैकी जो पांढरा आहे तो. नावात निवडायचं काही उरलेलं नसतं, विशेषण नावाचाच तुकडा झालेलं असतं. स्टॉकहोमचा जुना भाग म्हणूनच ‘गाम्ला स्तान’ आहे, ‘देन गाम्ला स्तान’ नाही. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गची 1879 सालची कादंबरी ‘रोदा रुमेत’, म्हणजे तांबडी खोली, हीही ‘देत’शिवाय, ती स्टॉकहोमच्या बेर्न्स या उपाहारगृहातली कलावंतांच्या बैठकीची जागा होती, तिचं ते नावच होतं. नोबेलचं साहित्याचं पारितोषिक ठरवणारी, 1786 साली स्थापन झालेली संस्था ‘स्वेन्स्का आकादेमीन’. सेवाभावी ‘रोदा कोर्सेत’ म्हणजे रेडक्रॉस. ‘स्तिला हावेत’ म्हणजे शांत समुद्र, आपला प्रशांत महासागर. यांतल्या एकाच्याही पुढे देन-देत नाही, पण मागचा न किंवा त प्रत्येकाला आहे.

आणि नाव नसतानाही, जिथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही तिथे ‘देन’ सुटतो. ‘फोर्स्ता गोंगेन’ म्हणजे पहिल्यांदा, ‘हेला दागेन’ म्हणजे दिवसभर, ‘होग्रा हान्देन’ म्हणजे उजवा हात. पहिली वेळ एकच असते आणि उजवा हातही एकच. मात्र हे शंभर टक्के तर्कानं चालत नाही. ‘गेल्या आठवड्यात’साठी ‘फोरा वेकान’ म्हणतात, मागे न आहे. ‘पुढच्या आठवड्यात’साठी ‘नेस्ता वेका’ म्हणतात, मागे काही नाही. ‘नेस्ता’ आणि ‘साम्मा’ (तोच) या दोन शब्दांमागे नाम प्रत्यय घेत नाही. हे पाठच करावं लागतं.

मागची खूण गळते ती दोन ठिकाणी. पहिलं सोपं आहे. नामाच्या पुढे मालक आला, की तोच नामाला निश्चित करतो. ‘मीन बील’ म्हणजे माझी गाडी. ‘मीन बीलेन’ प्रमाण स्वीडिशमध्ये चूक. ‘मीन स्तूरा बील’ म्हणजे माझी मोठी गाडी. पुढचा देन गेला, मागचा एन गेला, पण स्तूराचा आ राहिला. तीन खुणांपैकी विशेषणाचा शेवट हाच सर्वांत चिवट आहे.

दुसरं ठिकाण अधिक नाजूक आहे. फलकावर किंवा नियमावलीत असं वाक्य सापडेल: ‘दे पेर्शूनेर सोम हार बिल्येत फोर कोमा इन’, म्हणजे ‘ज्या व्यक्तींकडे तिकीट आहे त्यांना आत येता येईल.’ इथे ‘दे’ आहे, पण पेर्शूनेरच्या मागे ‘ना’ नाही. कारण लिहिणाऱ्याच्या मनात कुणी ठरावीक माणसं नाहीत. जो कुणी तिकीटवाला असेल तो. त्याऐवजी ‘दे पेर्शूनेर्ना सोम…’ म्हटलं, तर समोर उभी असलेली, बोलणाऱ्याला माहीत असलेली काही माणसं डोळ्यांपुढे येतात. स्वीडिश अकादमीनं 1999 साली प्रसिद्ध केलेलं चार खंडांचं मोठं व्याकरण असल्या जागा बारकाईनं नोंदवतं. बोलताना लोक या दोन रूपांत काटेकोर राहत नाहीत, लिखाणात भेद अधिक पाळला जातो. तरी कल लक्षात येतो: मागचा प्रत्यय ओळखीच्या, ठरलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो, पुढचं उपपद दिलेल्या वर्णनात बसणाऱ्यांना वेगळं काढतं. ‘देन स्तूरा बीलेन’मध्ये दोन्ही कामं एकदम होतात, म्हणून दोन्ही खुणा येतात.

शिकणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक याच धाग्यावरची आहे. स्वीडनमध्ये नव्यानं राहायला आलेल्यांसाठी नगरपालिका मोफत स्वीडिश वर्ग चालवतात. ‘एस-एफ-ई’ म्हणून ते ओळखले जातात, आणि नोकरीनिमित्त तिथे गेलेली मराठी मंडळीही त्यात बसतात. इंग्रजीची सवय असल्यामुळे पुढे ‘द’ लावल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ‘गाडी खराब झाली’ सांगताना ‘देन बीलेन’ म्हटलं जातं. व्याकरणाच्या दृष्टीनं ते चूक नाही, आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण समोरचा दुरुस्त करत नाही. विशेषण नसताना आलेल्या ‘देन’वर जोर पडतो आणि अर्थ होतो ‘ती गाडी’, बोट दाखवून, ही नव्हे, ती. ऐकणारा वळून पाहतो, कुठली? साध्या ‘गाडी’साठी नुसतं ‘बीलेन’ म्हणायचं होतं. विशेषण नाही, तर पुढच्या उपपदाला धरायला कुणी नाही, आणि एकटं पडलेलं उपपद आपल्या जुन्या दर्शक सर्वनामाच्या कामाला परत जातं.

उलट चूकही होते. मागची खूण पाठ झालेली असते, त्या भरात ‘स्तूरा बीलेन’ म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला ते एखाद्या नावासारखं वाटतं, जणू ‘मोठी गाडी’ नावाची कुठली तरी गाडी गावात प्रसिद्ध आहे. आणि तिसरी चूक म्हणजे ‘देन स्तूर बीलेन’, म्हणजे पुढचं-मागचं जमलं पण विशेषण तसंच राहिलं. ही मराठी माणसानं तरी करू नये, कारण ‘मोठा घरात’ आपण कधीच म्हणत नाही.

स्वीडिश शिकायला बसणाऱ्यांना म्हणून एक सांगणं. वहीत नवं नाम लिहाल तेव्हा ‘बील: गाडी’ असं लिहू नका. ‘एन बील, बीलेन, बीलार, बीलार्ना’ ही चारही रूपं एका ओळीत लिहा, आणि त्याखाली त्याच नामाची ‘देन स्तूरा बीलेन’ आणि ‘मीन स्तूरा बील’ अशी दोन जोडपदं लिहा. एत-शब्दासाठी ‘एत हूस, हूसेत, हूस, हूसेन’ आणि खाली ‘देत स्तूरा हूसेत’, ‘मीत स्तूरा हूस’. स्तूर हे एकच विशेषण सगळीकडे वापरा, म्हणजे लक्ष खुणांवर राहील. पन्नासेक नामं अशी लिहून झाली की बाकीची रूपं तोंडातून आपोआप यायला लागतात.